वादळाचा अंदाज किती रुपयांचा?

मे महिन्याच्या उत्तरार्धात मराठवाड्यातला केसर आंबा न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदराकडे निघतो, तेव्हा अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगामही सुरू झालेला असतो. माल रीफर कंटेनरमध्ये भरून जहाजाने पाठवला तर भाडे कमी लागते. विमानाने पाठवला तर भाडे जबर, पण माल दुसऱ्या दिवशी पोचतो. समुद्र शांत राहिला तर जहाजच फायद्याचे. वादळाने बंदराचे काम थांबले, जहाज बाहेर नांगर टाकून उभे राहिले आणि आठ-दहा दिवस गेले, तर तेरा अंशांच्या आसपास ठेवलेला आंबाही कंटेनरमध्ये पिकत जातो. तोवर बाजारातला भाव उतरलेला असतो आणि मिळेल त्या किमतीला माल काढावा लागतो. हा निर्णय निर्यातदाराला घ्यावा लागतो तो वादळ येणार की नाही हे कळण्याआधी. अशा वेळी हवामानाचा अंदाज विकत घ्यावा का, आणि घ्यायचा तर त्याला जास्तीत जास्त किती पैसे द्यावेत, याचे उत्तर कागद-पेन्सिलीने काढता येते. त्या पद्धतीचे नाव निर्णयवृक्ष.

पुढील उदाहरणातले आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण त्यांची मांडणी व्यवहारातली आहे. एका कंटेनरमध्ये पंधरा टन आंबा आहे. जहाजाने माल वेळेत पोचला तर निर्यातदाराला सारा खर्च वजा जाता १० लाख रुपये सुटतात. विमानाचे भाडे किलोमागे ४० रुपयांनी जास्त पडते, म्हणजे पंधरा टनांवर ६ लाखांचा जादा खर्च. तेव्हा विमानाने पाठवल्यास ४ लाख उरतात. जहाज वादळात अडकले तर ६ लाखांचा तोटा होतो. विमानाच्या बाबतीत वादळ आले काय आणि न आले काय, ४ लाखच मिळतात असे धरले आहे. हे पूर्ण खरे नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा विमानतळही काही तास बंद होता. मात्र विमानाचा उशीर तासांत मोजला जातो आणि जहाजाचा दिवसांत, त्यामुळे पहिल्या हिशेबापुरते हे गृहीत चालते.

निर्णयवृक्ष कागदावर डावीकडून उजवीकडे काढतात. जिथे माणसाला निवड करायची असते तिथे चौकोन, आणि जिथे पुढे काय होणार हे माणसाच्या हातात नसते तिथे वर्तुळ. इथे पहिला चौकोन जहाज की विमान याचा. जहाजाच्या फांदीवर एक वर्तुळ येते आणि त्यातून दोन फांद्या फुटतात: वादळामुळे उशीर, आणि वेळेवर पोच. प्रत्येक फांदीच्या टोकाला रुपये लिहितात. काढताना डावीकडून उजवीकडे जायचे, पण हिशेब उजवीकडून डावीकडे करायचा. वर्तुळापाशी सरासरी घ्यायची आणि चौकोनापाशी सर्वांत मोठी रक्कम देणारी फांदी ठेवून बाकीच्या छाटायच्या. जॉन मॅगी यांनी १९६४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ही रीत व्यवस्थापकांसाठी सोप्या भाषेत मांडली आणि ती कारखानदारीत रुळली. तिच्यामागचे गणित मात्र बरेच जुने आहे.

सरासरी काढायला वादळाची शक्यता किती हे ठरवावे लागते. समजा सोमवारी बुकिंग करताना अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याची बातमी आहे, आणि अशा स्थितीत पूर्वी पाचातून एकदा जहाज अडकले होते असा अनुभव आहे. म्हणजे शक्यता २० टक्के. हिशेब सोपा व्हावा म्हणून असेच शंभर आठवडे डोळ्यांसमोर आणावेत. शंभरातल्या ८० आठवड्यांत जहाज वेळेवर पोचेल आणि दर वेळी १० लाख मिळतील. २० आठवड्यांत ते अडकेल आणि दर वेळी ६ लाख जातील. एकूण ८०० लाखांतून १२० लाख वजा केले की ६८० लाख उरतात, म्हणजे आठवड्याला सरासरी ६.८ लाख. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात. विमानाचे अपेक्षित मूल्य ४ लाख. अंदाज हाती नसेल तर जहाजाचाच निर्णय योग्य ठरतो, जरी पाचातून एकदा तो अंगाशी येणार असला तरी. निर्णय बरोबर असूनही परिणाम वाईट निघू शकतो. एखादा कंटेनर बुडाला म्हणून बुकिंग करणाऱ्याला दोष देणाऱ्या कंपन्यांना हे पटवणे अवघड जाते.

आता कल्पना करावी की कधीच न चुकणारा एक भविष्यवेत्ता आहे. तो वादळ येणार म्हणाला की येतेच, नाही म्हणाला की येत नाही. त्याचे ऐकून वागणारा निर्यातदार ८० आठवडे जहाजाने माल पाठवेल आणि २० आठवडे विमानाने. ८०० लाख अधिक ८० लाख असे ८८० लाख, म्हणजे सरासरी ८.८ लाख. माहितीशिवाय ६.८ लाख मिळतच होते. मधला फरक २ लाखांचा. हे पूर्ण माहितीचे अपेक्षित मूल्य. हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही निघतो. वादळ नसलेल्या ८० आठवड्यांत भविष्यवेत्त्याने काहीच भर घातलेली नसते, कारण माल तसाही जहाजानेच जाणार होता. त्याचा उपयोग फक्त त्या २० आठवड्यांत होतो, जेव्हा तो ६ लाखांचा तोटा टाळून ४ लाखांचा नफा मिळवून देतो. दर वेळी १० लाखांचा फरक, वीस वेळा, शंभर आठवड्यांवर वाटला तर पुन्हा २ लाख. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर हिशेबात कुठेतरी चूक आहे हे लगेच समजते.

असा भविष्यवेत्ता अर्थातच कुठे नसतो. मग या आकड्याचा उपयोग काय? तो कमाल मर्यादा सांगतो. जगातला कोणताही अंदाज, कितीही चांगला असला तरी, या कंटेनरसाठी २ लाखांहून जास्त किमतीचा असू शकत नाही. एखादा सल्लागार अडीच लाख मागत असेल तर त्याच्या अंदाजाची गुणवत्ता तपासण्याचीही गरज उरत नाही.

खरे अंदाज चुकतात, आणि दोन प्रकारे चुकतात. वादळ येते पण इशारा दिलेला नसतो, ही एक चूक. इशारा देतात पण काहीच होत नाही, ही दुसरी. समजा एका खासगी हवामान सल्लागाराचा मागचा हिशेब असा आहे: जहाज खरोखर अडकले अशा शंभर प्रसंगांपैकी ८० वेळा त्याने आधी इशारा दिला होता, आणि सारे सुरळीत पार पडले अशा शंभर प्रसंगांपैकी १५ वेळा त्याने विनाकारण इशारा दिला होता. बुधवारी त्याचा इशारा आला. आता जहाज अडकण्याची शक्यता किती?

बहुतेक लोक ८० टक्के म्हणतील, आणि चुकतील. पुन्हा त्याच शंभर आठवड्यांकडे पाहावे. जहाज अडकणारे २० आठवडे आहेत. त्यांतल्या ८० टक्क्यांना, म्हणजे १६ आठवड्यांना, इशारा मिळेल. सुरळीत जाणारे ८० आठवडे आहेत. त्यांतल्या १५ टक्क्यांना, म्हणजे १२ आठवड्यांना, खोटा इशारा मिळेल. एकूण २८ इशारे, त्यांतले खरे १६. म्हणजे इशारा आल्यावर शक्यता २८ पैकी १६, साधारण ५७ टक्के. इशारा न आलेले ७२ आठवडे उरतात. त्यांत जहाज अडकणारे फक्त ४. म्हणजे इशारा नसेल तर शक्यता साडेपाच टक्के. सोमवारची २० टक्क्यांची शक्यता बुधवारी एकतर ५७ वर चढते किंवा साडेपाचवर उतरते. या सुधारित संभाव्यतांमागे थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा सिद्धान्त आहे. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस या मित्राने प्रसिद्ध केला. शाळेतल्या सूत्रापेक्षा शंभर आठवड्यांची ही मोजणी चटकन कळते, आणि उत्तर तेच येते.

‘अडकलेल्या जहाजांपैकी किती वेळा इशारा होता’ आणि ‘इशाऱ्यांपैकी किती वेळा जहाज अडकले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सल्लागार आपल्या जाहिरातीत पहिल्याचे उत्तर छापतो, आणि निर्यातदाराला गरज असते दुसऱ्याची. वादळ मुळात क्वचित येत असेल तर खोटे इशारे खऱ्यांपेक्षा सहज जास्त होतात. याच उदाहरणात मूळ शक्यता २० ऐवजी ५ टक्के धरली, तर शंभर आठवड्यांत खरे इशारे ४ आणि खोटे १४ हून अधिक निघतात. सल्लागार तोच, त्याचे कौशल्य तेच, पण त्याच्या इशाऱ्याचा अर्थ पार बदलतो.

आता झाडावर एक चौकोन वाढतो: अंदाज घ्यायचा की नाही. घेतला तर आधी इशाऱ्याचे वर्तुळ, त्याच्या प्रत्येक फांदीवर जहाज-विमानाचा चौकोन, आणि टोकाला पुन्हा समुद्राचे वर्तुळ. इशारा आलेल्या २८ आठवड्यांत जहाज निवडले तर १२ वेळा १० लाख मिळतात आणि १६ वेळा ६ लाख जातात. बाकी २४ लाख, म्हणजे आठवड्याला एक लाखाहूनही कमी. विमानाने दर वेळी ४ लाख, एकूण ११२ लाख. तेव्हा विमान. इशारा नसलेल्या ७२ आठवड्यांत जहाज निवडले तर ६८ वेळा १० लाख आणि ४ वेळा ६ लाखांचा तोटा, म्हणजे ६५६ लाख. विमानाने ते २८८च झाले असते. तेव्हा जहाज. ११२ आणि ६५६ मिळून ७६८ लाख, सरासरी ७.६८ लाख. अंदाजाशिवाय ६.८ लाख होते. म्हणून या सल्लागाराचा अंदाज एका कंटेनरमागे ८८ हजार रुपयांचा. पूर्ण माहिती २ लाखांची होती, तिच्या ४४ टक्के मूल्य या अपूर्ण अंदाजाने मिळवले. शंभरातल्या ८० वेळा वादळ ओळखणाऱ्या माणसाला निम्म्याहून कमी श्रेय मिळालेले पाहून आश्चर्य वाटते, पण प्रत्येक खोटा इशारा १० लाखांचा माल ४ लाखांच्या विमानात चढवतो, हे विसरून चालत नाही.

या हिशेबातला सर्वांत उपयोगी आकडा मात्र अजून पुढे आलेला नाही. जहाज आणि विमान नेमके बरोबरीत येतात ती शक्यता कोणती? वादळाची शक्यता वाढत जाईल तसतसे जहाजाचे मूल्य १० लाखांवरून घसरत जाते आणि ३७.५ टक्क्यांपाशी ते ४ लाखांना टेकते. या रेषेच्या अलीकडे जहाज, पलीकडे विमान. सोमवारची शक्यता २० टक्के, म्हणजे रेषेच्या अलीकडे. बुधवारच्या इशाऱ्याने ती ५७ वर गेली, रेषा ओलांडली, निर्णय बदलला. म्हणून अंदाजाला किंमत आली. आता दुसरा एक स्वस्त सल्लागार घ्यावा, जो खऱ्या वादळांपैकी ६० टक्के ओळखतो आणि शांत आठवड्यांपैकी ४० टक्क्यांत खोटा इशारा देतो. त्याचे खरे इशारे १२, खोटे ३२. त्याच्या इशाऱ्यानंतर शक्यता ४४ पैकी १२, साधारण २७ टक्के. ती वाढली खरी, पण रेषेच्या अलीकडेच राहिली. इशारा असो वा नसो, माल जहाजानेच जाणार. या अंदाजाची किंमत शून्य आहे. त्यात माहिती आहे, तिने मत थोडे बदलले आहे, पण निर्णय बदललेला नाही, आणि निर्णय न बदलणाऱ्या माहितीसाठी एक रुपयाही देणे हा तोटाच. फुकट मिळाली तरी तिच्या नादात एखादा घाबरून विमान बुक करतो, ते वेगळेच.

याच रेषेवरून माहिती केव्हा महाग असते तेही कळते. मूळ शक्यता ३७.५ टक्क्यांच्या जवळ असेल तेव्हा पूर्ण माहितीचे मूल्य सर्वाधिक, इथे पावणेचार लाख. शक्यता ५ टक्के असेल तर ते ५० हजारांवर येते, आणि ९० टक्के असेल तर ६० हजारांवर. मार्चमध्ये अरबी समुद्र शांत असताना वादळाच्या अंदाजावर खर्च करण्यात अर्थ नाही, आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढल्यावरही नाही. मधल्या संशयाच्या दिवसांतच अंदाजाला खरी किंमत असते.

प्रत्यक्षात ही पद्धत फसते ती गणितात क्वचित. बहुतेक वेळा घटना नीट ठरवलेली नसते. हवामान खाते वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग आणि किनारा ओलांडण्याची वेळ सांगते. निर्यातदाराचे नुकसान होते ते जहाजाला उशीर झाल्यामुळे. वादळ तीनशे किलोमीटरवरून निघून गेले तरी उंच लाटांमुळे बंदराचे काम थांबू शकते, आणि जवळून गेलेले दुबळे वादळ एका दिवसात विसरले जाते. म्हणून झाडाच्या फांदीवर ‘वादळ’ असे न लिहिता ‘जहाजाला पाच दिवसांहून अधिक उशीर’ असे मोजता येईल ते लिहावे, आणि सल्लागाराचे जुने इशारे त्याच कसोटीवर तपासावेत.

दुसरी चूक जास्त छुपी असते. सोमवारची २० टक्क्यांची शक्यता ठरवताना हवामान खात्याचे मोफत पत्रक वाचलेले होतेच. बुधवारी सल्लागाराने त्याच पत्रकावरून आपला इशारा काढला असेल, तर त्याने नवे काहीच सांगितलेले नाही, आणि त्याच्या इशाऱ्यावरून शक्यता ५७ वर नेणे म्हणजे एकच पुरावा दोनदा मोजणे. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. खात्याचे पत्रक सारखेच होते असे जुने आठवडे काढावेत; त्यांतही सल्लागाराचे इशारे खऱ्या आणि खोट्या वादळांत फरक करत असतील तरच त्याचे कौशल्य त्याचे स्वतःचे.

अंदाजाची धार वेळेबरोबरही बदलते. जून २०२३ मधले बिपरजॉय वादळ अनेक दिवस समुद्रात रेंगाळले आणि अखेर १५ जूनला गुजरातमधल्या जखाऊजवळ किनाऱ्याला लागले. सुरुवातीच्या दिवसांत त्याचा मार्ग नक्की कोणता याबद्दल निरनिराळे अंदाज वेगवेगळे बोलत होते. पाच दिवस आधीच्या आणि एक दिवस आधीच्या इशाऱ्याचे ८० आणि १५ हे आकडे कधीच सारखे नसतात. निर्यातदाराला लागतो तो कंटेनर बंदरात आत नेण्याची मुदत संपण्याआधीचा, आणि विमानात जागा शिल्लक असतानाचा अंदाज. वादळ दाराशी आल्यावर विमानाचे भाडे वाढते आणि जागाही मिळत नाही, तेव्हा ४ लाखांचा आकडा तिथे तसाच लिहून ठेवता येत नाही. उलट, बाकीच्यांचे कंटेनर अडकले तर दुबईत भाव चढतो आणि विमानाने गेलेला माल ४ लाखांहून जास्त मिळवून देतो. जाणकार हे दोन्ही आकडे बदलून झाड पुन्हा सोडवून पाहतात आणि निर्णय टिकतो का ते तपासतात.

अपेक्षित मूल्य ही सरासरी आहे, आणि सरासरी त्यालाच मिळते जो पुष्कळ वेळा खेळू शकतो. हंगामात साठ कंटेनर पाठवणाऱ्या कंपनीला ६ लाखांचा एक तोटा पचतो. व्याजाने पैसे काढून हंगामातला एकच कंटेनर पाठवणाऱ्या शेतकरी गटाला तो पचत नाही. अशा गटाने २० टक्क्यांच्या शक्यतेवरही विमान निवडले तर त्याला चुकीचे म्हणता येणार नाही; त्याच्या झाडाच्या टोकांवर रुपयांऐवजी त्या रुपयांची झळ लिहायला हवी, आणि त्या झाडात अंदाजाची किंमत वेगळी निघते.

अंदाजाचे मोल ८८ हजार निघाले म्हणून तो घेणे आपोआप फायद्याचे ठरत नाही. त्याची फी जमेस धरावी लागते आणि बुधवारपर्यंत थांबण्याची किंमतही. तोडलेला केसर दोन दिवस पॅक हाऊसमध्ये पडून राहिला आणि त्यामुळे कंटेनरमागे ५० हजारांचा भाव गेला, तर सल्लागाराला ३८ हजारांपेक्षा जास्त देणे परवडत नाही. थांबण्यातच ९० हजार जात असतील तर फुकटचा अंदाजही महाग पडतो, आणि माल सोमवारीच जहाजावर चढवलेला बरा.